लांब स्क्रीनशॉट काढला, भावाकडे पोचला दोरा!

जिरावण

मंडळी, इंदूरहून लिहितेय. जरा डोकं चालवा माझ्यासाठी.

ग्वाल्हेरच्या आत्यानं २०१९ ते २०२१ या काळात मला व्हॉट्सॲपवर आजीच्या वहीतले पदार्थ पाठवले होते. काही तिनं स्वतः टाइप केलेत, काही वहीच्या पानांचे फोटो आहेत आणि काही वहीत चिकटवलेल्या जुन्या मासिकांच्या कात्रणांचे. पुढे ती वही वाळवीनं खाल्ली. म्हणजे आता जे आहे ते माझ्या फोनमधल्या या गप्पांमध्येच, आणि फोन आचके देतोय.

म्हणून परवा हौसेनं सरकता स्क्रीनशॉट काढला. एका दमात दिवाळीचं सगळं फराळाचं आलं, फोनवर छान वाचता येत होतं. तो बडोद्याच्या भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ताई, हा दोरा कसला पाठवलास?" खरंच, त्याच्याकडे पांढरी-हिरवी बारीक पट्टी पोचली होती. मोठी करून बघितली तरी नुसत्या मुंग्या.

दुसरं म्हणजे, फोटोंमधली अक्षरं लेन्सनं कॉपी केली. साटोऱ्यांना खवा किती, तर "१११ वाटी". आजीकडे माणसं पुष्कळ यायची, पण इतकी नाही.

यातून सगळं नीट मजकूर म्हणून कसं काढायचं?

टिंबटिंब

१११ वाटी खव्याच्या साटोऱ्या होणार असतील तर पत्ता द्या, येतो.

भिया_बोले_तो

ताई, सोपं आहे. फोटो पाठवताना वर HD दिसतं ते दाबायचं. माझे सगळे फोटो तसेच जातात, एकदम चकाचक.

गवळीवाड्यातला

स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं का हो? आमच्या मेहुण्याच्या बाबतीत एक प्रकार झालाय, म्हणून विचारतो.

जिरावण

@गवळीवाड्यातला, आत्याला कळलं तर आनंदच होईल. तुमच्या मेहुण्यासाठी वेगळा धागा काढा, तो जास्त चालेल.

@भिया, HD करून पुन्हा पाठवला. दोरा जाऊन सुतळी झाली. वाचता अजूनही येत नाही.

कीबोर्डकर

दोऱ्याचं आधी सांगतो, कारण त्याचं गणित साधं आहे.

तुमच्या गॅलरीत त्या स्क्रीनशॉटचा तपशील उघडून बघा, लांबी-रुंदी लिहिलेली असते. बहुतेक फोनांवर रुंदी १०८० पिक्सेल असते. लांबी समजा १४,४०० निघाली. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप लहान करतं आणि साध्या दर्जात त्याची मोठी बाजू १६०० च्या आसपास आणून ठेवतं. नेहमीच्या फोटोत हे जाणवत नाही. तुमच्या पट्टीत मात्र १४,४०० चे १६०० झाले, म्हणजे नऊ पट लहान. मग रुंदीही नऊ पट घटणार: १०८० चे १२०. एकेका अक्षराला चार-पाच पिक्सेल उरले. त्यात वेलांटी कुठे बसणार आणि अनुस्वार कुठे? HD मध्ये मर्यादा थोडी वर जाते म्हणून सुतळी झाली, पण रोग तोच.

उपाय म्हणजे फोटो म्हणून पाठवूच नका. पिनेच्या चिन्हात जाऊन `Document` निवडा आणि तिथून तीच फाइल पाठवा. ती जशीच्या तशी जाते.

आणि एक बघा. भावाकडे पोचलेला दोरा आता काही केल्या मोठा होणार नाही. मूळ तुमच्या फोनमध्ये आहे, ते पुसू नका.

भिया_बोले_तो

अच्छा, माझे फोटो चौकोनी असतात म्हणून आजवर कधी लक्षात नाही आलं. मानलं सर.

बडोदेकर_सूर्यनारायण

आमच्या मांडवीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या वर्षी कोणीतरी अशीच पट्टी छापायला आणली होती. त्यानं ती एका ए-फोर कागदावर बसवली. मधोमध उभी रेघ आली आणि वर दहा रुपये लागले.

ग्वाल्हेरची_सून

जिरावणताई, मी तुम्हाला घाबरवत नाही, पण तो स्क्रीनशॉट वरपासून खालपर्यंत नीट वाचलात का? माझ्या सासूबाईंच्या औषधांच्या लांबलचक सूचना नणंदेनं लिहून पाठवल्या होत्या. मी त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. चार महिन्यांनी उघडून बघते तर प्रत्येक मोठा संदेश अर्ध्यात तुटलेला आणि खाली `Read more`. स्क्रीनशॉटमधलं ते दाबणार कसं? तोवर मूळ चॅट गेलं होतं.

जिरावण

अरे देवा. आत्ता बघितलं. चकलीची भाजणी "धणे पाव वाटी, जिरे" इथे संपलीय आणि पुढे `Read more`. अनारशांचंही तेच. म्हणजे कृतीचा नेमका उत्तरार्ध कुठेच नाही. मी एवढ्या कौतुकानं दोन दिवस तो जपून ठेवला होता!

कीबोर्डकर

@ग्वाल्हेरची_सून यांनी मोलाचं सांगितलं. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर जे दिसतंय त्याचं चित्र, त्यामागे काय आहे ते त्यात येत नाही. आधी प्रत्येक `Read more` उघडून मग काढला तरच पूर्ण येतो, आणि अशा लांब चॅटमध्ये एखादं राहून जातंच.

म्हणून ताई, तुमच्या कामाला सरकता स्क्रीनशॉट हा मुळात चुकीचा रस्ता आहे. आत्यांनी टाइप केलेला मजकूर तर मजकूरच आहे, त्याचं चित्र करून पुन्हा अक्षरं कशाला ओळखत बसायची? चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, `More`, मग `Export chat`. मीडियासकट घ्या. ईमेलनं स्वतःलाच पाठवता येतं किंवा ड्राइव्हवर टाकता येतं. मीडियासकट घेतलं तर सगळ्यात अलीकडचे १०,००० संदेश येतात, नुसता मजकूर घेतला तर ४०,०००. तुमचं आत्यांशी बोलणं त्यात बसावं.

त्यातून एक मजकुराची फाइल मिळेल, तिच्यात सगळे मोठे संदेश पूर्ण असतील. जिथे फोटो होता तिथे `IMG-20201106-WA0012.jpg` असं नाव दिसेल आणि त्याच नावाचा फोटो शेजारी असेल. म्हणजे कुठलं पान कुठल्या गप्पांच्या मध्ये आलं होतं तेही कळतं. फक्त जे फोटो फोनमध्ये उतरवलेले नाहीत किंवा पुसले गेलेत ते यात येणार नाहीत. ते आधी एकेक उघडून बघा, आत्यांच्या फोनमध्ये असतील तर पुन्हा मागवा.

खडूस_काका

आमच्या वेळी कृती पाठ असायच्या.

टिंबटिंब

काका, तुम्हाला कुठली पाठ आहे?

खडूस_काका

चहा.

पोहेवाली_शलाका

थोडं विषयांतर, पण जवळचंच. मी लॅपटॉपवर एका पाककृतीचं आख्खं पान जपायला गेले, खालच्या प्रतिक्रियांसकट. क्रोममध्ये F12, मग Ctrl+Shift+P, मग `Capture full size screenshot` असं कुणीतरी शिकवलं होतं. चित्र आलं, लांबही आलं. पण खाली जाता जाता पुन्हा वरचंच पान सुरू झालं! मला वाटलं प्रतिक्रिया देणाऱ्यांनी तेच तेच लिहिलंय. (ते तसंही लिहितात.) हे काय असतं?

कीबोर्डकर

तुमचं चित्र १६,३८४ पिक्सेलपेक्षा लांब झालं असणार. क्रोमची त्या पद्धतीची मजल तिथपर्यंतच, पुढे वरचा भाग पुन्हा उमटतो किंवा कोरं येतं. फायरफॉक्समध्ये पानावर उजवी क्लिक करून `Take Screenshot` घेतलात तर जवळपास दुप्पट लांबी मिळते. पण पान आधी तळापर्यंत हळूहळू सरकवून या, कारण बऱ्याच पानांवरची चित्रं तुम्ही तिथवर पोचल्यावरच उतरतात. नाहीतर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन जपले जातात.

मजकूर हवा असेल तर Ctrl+P करून पीडीएफ करा. त्यात शोधताही येतं.

कारकून_नंबर_दोन

पीडीएफमधून शोधता येतं हे नेहमी खरं नाही हो, कीबोर्डकर. आमच्या ऑफिसात अजून निम्मे कागद कृतिदेवमध्ये होतात. पीडीएफमध्ये डोळ्यांना "मध्य प्रदेश" दिसतं, कॉपी करून इकडे चिकटवलं की येतं

```
e/; izns'k
```

तिथे तुमचा तो स्क्रीनशॉटच कामाला येतो. पानाचं चित्र काढायचं आणि चित्रातून अक्षरं ओळखून घ्यायची. चित्राला फाँटशी देणंघेणं नाही, आकार दिसला की झालं. मी रोज चार पत्रं अशी काढतो. साहेबांना वाटतं मी टाइप करतो. वाटू द्या.

कीबोर्डकर

बरोबर. मी म्हटलं ते युनिकोडमधल्या वेबपानांपुरतं. आणि तुमचं गुपित इथेच राहील, फक्त धाग्याचा स्क्रीनशॉट कुणी काढू नये.

वकिली_टोला

चॅटचा स्क्रीनशॉट कोर्टात चालेल असं समजून इथे कुणी काढत असेल तर सांगतो: १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्याखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. नुसती पट्टी दाखवून भागत नाही. मूळ फोन जपा.

गवळीवाड्यातला

वकीलसाहेब, मेहुण्याचा फोन विकला गेलाय.

वकिली_टोला

मग मेहुण्याला जपा.

जिरावण

बरं, माझ्या साटोऱ्यांकडे या सगळे. एक्सपोर्ट झालं! भाजणी पूर्ण मिळाली. (धणे, जिरे यांच्यापुढे "आणि मूठभर साबुदाणा" होता. म्हणून माझ्या चकल्या कडक होत होत्या का? असो.) १४३ फोटो आले, नऊ गायब आहेत, ते आत्याकडून मागवतेय.

आता फोटोंतला मजकूर. कात्रणं छापील आहेत, ती लेन्सनं बऱ्यापैकी आली. पण नमुना बघा. चित्रात आहे:

साटोऱ्या. खवा १॥ वाटी, पिठीसाखर १ वाटी, बारीक रवा ॥ वाटी, मोहन २ चमचे.

लेन्सनं दिलं:

साटोर्या. रववा १११ वाटी, पिठीसाखर 9 वाटी, बारीक रवा 11 वाटी, मोहन २ चमचे.

हे मी वाचून दुरुस्त करेनही, पण दीडशे पानं आहेत. आणि कुठे चुकलंय ते प्रत्येक वेळी १११ सारखं ओरडून सांगणार नाही ना?

स्नेहलतागंजवाल्या_आजी

बाळा, ते १११ नाही, ते दीड आहे. एकापुढे एक उभी काठी म्हणजे सव्वा, दोन म्हणजे दीड, तीन म्हणजे पावणेदोन. आणि आधी आकडा नसेल तर नुसत्या दोन काठ्या म्हणजे अर्धा. आम्ही शाळेत पाटीवर असंच लिहायचो. किराणावाल्याच्या वहीतही असंच असायचं. यंत्राला कोण शिकवणार!

कीबोर्डकर

आजींनी नेमकं सांगितलं. यंत्राच्या दृष्टीनं दंडाची उभी काठी, मराठी १ आणि इंग्रजी 1 ही एकाच घरातली भावंडं आहेत, आणि १ चं 9 तर हमखास होतं. "ख" चा "रव" हाही जुना आजार, जुन्या छपाईत त्याचे दोन भाग सुटे असतात म्हणून.

तुम्ही विचारलंत की न ओरडणारी चूक कशी पकडायची. माझी पद्धत अशी: शब्द आणि आकडे वेगवेगळ्या नजरेनं तपासतो. शब्द चुकला तर वाचताना अडखळतोच, "रववा" वाचून कुणीही थांबेल. आकडा अडखळू देत नाही. "9 वाटी" व्याकरणाला अगदी ठीक आहे. म्हणून चित्र शेजारी ठेवून फक्त आकडे बघत जायचे, शब्द वाचायचेच नाहीत. एका पानावर दहा-बारा आकडे असतात, एक मिनिट लागतं. आणि ज्या मजकुरात मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेत तिथे आधी संशय घ्यायचा, कारण आजीच्या कात्रणात इंग्रजी 9 येण्याचं कारणच नाही.

दुरुस्त करताना "१॥" तसंच ठेवू नका, "दीड" असं अक्षरात लिहा. म्हणजे पुढच्यानं पुन्हा यंत्रातून काढलं तरी बिघडणार नाही.

भिया_बोले_तो

लेन्स तर शंभर टक्के बरोबर असतं, मी दुकानांच्या पाट्या वाचतो रोज.

कीबोर्डकर

पाट्या मोठ्या असतात भिया.

पोहेवाली_शलाका

दीडशे पानं एकेक करून लेन्समध्ये टाकणार? अंगठा दुखेल. कॉम्प्युटरवर ड्राइव्हमध्ये फोटो टाकून उजवी क्लिक, `Open with`, `Google Docs` केलं की वर चित्र आणि खाली मजकूर येतो. तपासायलाही बरं, दोन्ही एकाच पानात.

कीबोर्डकर

हो, कमी पानांना तेच चांगलं. फक्त फाइल २ एमबीच्या आत असावी आणि अक्षरं किमान दहा पिक्सेल उंच. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आकारानं त्यात बसतात. लांब पट्टी बसत नाही.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे आणि लांब पट्टीच उरलीय त्यांच्यासाठी मी करतो ते असं. आधी तुकडे, मग ओळख:

```
magick lamb.png -crop 1080x2000 +repage part_%02d.png
tesseract part_00.png part_00 -l mar+eng --psm 6
```

१४,४०० लांबीचे आठ तुकडे होतात, शेवटचा छोटा. दुसरी ओळ प्रत्येक तुकड्यासाठी चालवायची. धोका असा की कात्री एखाद्या ओळीच्या मधून जाते आणि ती ओळ दोन्ही तुकड्यांत कचरा होते. म्हणून प्रत्येक सांध्यावरचा एक जादा तुकडा घ्यायचा, पहिल्या सांध्यासाठी `-crop 1080x400+0+1800`. मराठीचा डेटा आधी बसवावा लागतो, उबुंटूत त्याचं नाव `tesseract-ocr-mar`. `eng` काढून टाकलं तर १ चे 9 कमी होतात असा माझा अनुभव, पण मग चॅटमधली इंग्रजी नावं आणि वेळा बिघडतात. दोन्ही एकदम साधलेलं मला तरी जमलेलं नाही.

कारकून_नंबर_दोन

अजून एक गंमत सांगतो, ताईंना पुढे छळणार आहे. "साटोऱ्या" असं शोधलं आणि सापडलंच नाही असं होईल. पडद्यावर अगदी सारखं दिसणारं ऱ्या दोन प्रकारे साठवता येतं, एक ऱ या स्वतंत्र अक्षरानं आणि दुसरं साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. तुम्ही टाइप केलेलं एक, आत्याच्या फोननं टाइप केलेलं दुसरं. वऱ्याचे तांदूळ, पुऱ्या, साटोऱ्या, सगळे लपून बसतात. मी एका प्रकारातलं दुसऱ्यानं बदलून घेतो, कॉपी करून `Find and replace` मध्ये.

जिरावण

बघितलं! "पुऱ्या" शोधलं तर तीन मिळाल्या. आत्याच्या एका संदेशातून कॉपी करून शोधलं तर अकरा. मला वाटलं होतं आत्याला पुऱ्या आवडत नाहीत.

ग्वाल्हेरची_सून

हस्तलिखित पानांचं काय झालं?

जिरावण

तिथे सगळं बोंबललं. आजीचं अक्षर मोडीच्या वळणाचं, शिरोरेघ आधी ओढून मग खाली अक्षरं टांगलेली. लेन्सनं एका पानातून "घरधनी कटोरी महा" एवढंच दिलं. ड्राइव्हनं काहीच नाही.

कीबोर्डकर

ते यंत्राकडून होणार नाही, वेळ घालवू नका. फोटो आत्यांना दाखवून त्यांना वाचायला सांगा आणि फोनमध्ये बोलून टाइप करा. चाळीस पानं दोन रविवारांत होतील.

जिरावण

काल आत्याला व्हिडिओ कॉल केला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण पान समोर धरल्यावर घडाघडा वाचत होती. सात पानं झाली. एका जागी मात्र तीही अडली. "रवा १ मा., तूप ॥ मा." यातलं "मा." काय? ती म्हणते माप. कुठलं माप?

स्नेहलतागंजवाल्या_आजी

मापटं असेल गं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर.

खडूस_काका

मापटंच. पण कुठल्या शेराचं? गावोगावी शेर वेगळा होता. ग्वाल्हेरचा आणि इंदूरचा एकच होता असं धरून चालू नका.

जिरावण

आत्या म्हणते, आजीकडे एक पितळेचं भांडं होतं, काठाला पोचा आलेलं, त्यालाच सगळे "माप" म्हणायचे. ते धाकट्या काकांकडे गेलं. काकांच्या सुनेला फोन केला तर ती म्हणाली, "ते होय, त्यात मी तुळस लावलीय."

टिंबटिंब

तुळस उपटून पाणी भरून मोजा!

जिरावण

रविवारी जातेय. मोजपात्र बरोबर नेतेय. तुळशीला दुसरी कुंडीही.